टीबीच्या गोळ्या फुकट, डोळ्यांची तपासणी मात्र मागून घ्या

टीबीचं औषध सुरू झालं असेल, तर तुमच्या रोजच्या गोळीत इथॅम्बुटॉल नावाचं एक औषध आहे. बहुतेकांना त्याचा डोळ्यांना काही त्रास होत नाही. थोड्यांच्या बाबतीत मात्र ते डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेला इजा करतं. वेळीच लक्षात आलं तर औषध बदलता येतं आणि नजर वाचण्याची शक्यता चांगली असते. उशीर झाला तर गेलेली नजर पूर्ण परत येईलच, असं कोणी सांगू शकत नाही. वेळीच लक्षात येण्यासाठी महिन्यातून एकदा साधी तपासणी लागते. ती कुठे करायची, किती पैसे लागतात, काय न्यायचं आणि पैसे कुठे वाया जातात, एवढंच इथे सांगतो.

आधी तुमची गोळी ओळखा. सरकारी कार्यक्रमात मोठ्या माणसांना पहिले दोन महिने चार औषधांची एकत्र गोळी मिळते आणि पुढचे चार महिने तीन औषधांची. इथॅम्बुटॉल दोन्हींत आहे, प्रत्येक गोळीत 275 मिलिग्रॅम. म्हणजे सहाही महिने, रोज. जुन्या पद्धतीत नव्या रुग्णाला ते पहिले दोनच महिने आणि आठवड्यातून तीनदाच दिलं जाई. 2017 मध्ये देशभर रोजची पद्धत आली आणि ते शेवटपर्यंत चालू राहिलं. टीबी बरा होण्यासाठी आणि औषधांना दाद न देणारा टीबी रोखण्यासाठी ते हवंच आहे. पण घरात कुणाला दहा-पंधरा वर्षांपूर्वी टीबी झाला असेल आणि ‘आम्हाला डोळ्यांचं काही झालं नव्हतं’ असं ते सांगत असतील, तर त्यांच्या अनुभवावर विसंबू नका. त्यांच्या पोटात हे औषध बरंच कमी गेलं होतं.

त्रास बहुधा दोन महिन्यांनंतर सुरू होतो. नेमकी तेव्हाच माणसं निर्धास्त होतात. खोकला थांबलेला असतो, भूक लागते, वजन वाढतं. म्हणून दुसऱ्या महिन्यापासून जास्त जपा.

सर्वात आधी काय बदलतं

दुखत नाही. डोळा लाल होत नाही. बहुतेकदा दोन्ही डोळ्यांत एकाच वेळी, हळूहळू फरक पडतो. आधी रंग फिके होतात. टोमॅटो विटकरी वाटतो, कुंकवाचा लाल मातकट दिसतो, हिरवा आणि तपकिरी धागा एकसारखाच वाटतो. काहींना निळा-पिवळा ओळखताना अडचण येते. मग समोरचं मधोमध धुरकट होतं. बसचा नंबर जवळ आल्याशिवाय वाचता येत नाही, समोरच्याचा चेहरा पुसट होतो, पण कडेचं दिसत असल्यामुळे माणूस घरात नीट वावरतो आणि घरच्यांना शंका येत नाही.

घरी रोज अर्धा मिनिट द्या. नेहमीचा चष्मा लावा, एक डोळा तळहाताने झाका आणि वर्तमानपत्रातला बारीक मजकूर वाचा. नंतर दुसरा डोळा. जागा तीच, उजेड तोच, अंतर तेच. मग बाटलीचं एक लाल झाकण नाकासमोर धरा आणि नजर समोरच ठेवून ते हळूहळू बाजूला न्या. झाकण समोर असताना फिकं आणि बाजूला गेल्यावर जास्त लाल दिसलं, तर नजरेच्या मध्यभागी गडबड आहे. ‘उजव्याने लाल, डाव्यानेही लाल, म्हणजे ठीक’ अशी तुलना इथे पुरत नाही, कारण दोन्ही डोळे बरोबरीनेच बिघडतात आणि दोन्हींना रंग सारखाच फिका दिसतो.

एक गोष्ट वेगळी ठेवा. रिफॅम्पिसिनमुळे लघवी, घाम आणि अश्रू नारिंगी होतात. घाबरू नका, त्याचा नजरेशी संबंध नाही.

तपासणीत काय करून घ्यायचं

औषध सुरू करण्याआधी किंवा पहिल्याच आठवड्यात एक तपासणी करून घ्या आणि तिचे आकडे कागदावर लिहून घ्या. पुढच्या प्रत्येक तपासणीची तुलना या कागदाशी होते. काही पुरुषांना जन्मापासूनच लाल-हिरवा नीट ओळखता येत नाही आणि त्यांना ते ठाऊकही नसतं. सुरुवातीची नोंद नसेल तर चौथ्या महिन्यात डॉक्टरांना कळणार नाही, की हा दोष जुना आहे की औषधाचा.

मूळ तपासणी दोन गोष्टींची. प्रत्येक डोळ्याने तक्त्यावरची कोणती ओळ वाचता येते, ती 6/6, 6/9 अशी लिहिली जाते. आणि रंगीत ठिपक्यांच्या वहीतले किती आकडे ओळखता येतात, त्या वहीला इशिहारा म्हणतात. दोन्ही मिळून दहा-पंधरा मिनिटं. इशिहारा लाल-हिरव्यातला दोष पकडते, निळ्या-पिवळ्यातला नाही. म्हणून वही बरोबर वाचली तरी तुम्हाला रंग वेगळे वाटत असतील, तर तसं ठणकावून सांगा.

दोन्ही डोळे वेगवेगळे तपासायला सांगा. बाहुली मोठी करण्याचे थेंब घालण्याआधीच रंग आणि तक्ता तपासून घ्या. थेंब पडल्यावर काही तास जवळचं धूसर दिसतं आणि ती नोंद तुलनेसाठी निरुपयोगी ठरते. थेंब घालणार असतील तर सोबत कुणाला न्या, त्या दिवशी गाडी चालवू नका.

आता सर्वात महत्त्वाचं. या आजारात सुरुवातीला डोळ्याचा आतला पडदा आणि नसेचं तोंड अगदी व्यवस्थित दिसतं. नस फिकी पडते ती नंतर. तेव्हा ‘आत बघितलं, सगळं छान आहे’ यावर घरी येऊ नका. तुम्हाला फरक जाणवतो आहे आणि पडदा नीट आहे, तर पुढची पायरी म्हणजे नजरेच्या क्षेत्राची तपासणी, जिला दवाखान्यात फिल्ड टेस्ट किंवा पेरिमेट्री म्हणतात. एका डोळ्याला पाच-दहा मिनिटं लागतात. मधला डाग तिथे नकाशासारखा दिसतो. ओसीटी या स्कॅनमध्ये नसेच्या तंतूंची जाडी मोजतात. ती पहिल्या दिवशी सर्वांना लागत नाही. शंका आल्यावर किंवा धोका जास्त असेल तर लागते.

कितीदा? सुरुवातीला एकदा, मग दर महिन्याला तक्ता आणि रंग. तुमचं वय साठच्या पुढे असेल, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, दारू-तंबाखूचं व्यसन असेल, खूप अशक्तपणा असेल, किंवा लिनेझोलिड नावाचं औषधही चालू असेल, तर महिन्याची तपासणी डोळ्यांच्या डॉक्टरांकडेच करा. लिनेझोलिडही याच नसेला त्रास देतं. लहान मुलं रंग बदलल्याचं सांगू शकत नाहीत, त्यांच्यासाठी बालरोगतज्ज्ञांना आठवण करून द्या. शेवटची तपासणी औषध संपल्यावर महिना-दोन महिन्यांनी. नजरेतली घसरण गोळी बंद झाल्यानंतरही काही आठवडे चालू राहू शकते.

कुठे जायचं आणि किती लागतात

परळ, लालबाग, दादरच्या लोकांना सर्वात सोयीचं केईएम रुग्णालयाचा डोळ्यांचा विभाग. परळ स्टेशनवरून चालत जाता येतं. गिरगावकरांना मुंबई सेंट्रलजवळचं नायर रुग्णालय किंवा कामाठीपुऱ्यातलं महापालिकेचं मुरली देवरा नेत्र रुग्णालय जवळ पडतं. भायखळ्याचं जे. जे. राज्य सरकारचं आहे. परळमध्ये के. बी. हाजी बच्चूअली धर्मादाय नेत्र रुग्णालयही आहे. शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात औषध चालू असेल, तर नेत्रतपासणीची चिठ्ठी तिथल्याच डॉक्टरांकडून घ्या. महापालिकेच्या रुग्णालयांत नोंदणी सकाळीच होते. लवकर पोहोचा, केस पेपर काढा आणि खिडकीवरच ‘टीबीच्या औषधामुळे डोळे तपासायचे आहेत’ असं सांगा.

महापालिकेत खर्च केस पेपरचा, तोही नाममात्र. तक्ता आणि इशिहारा त्यातच येतात. फिल्ड टेस्ट किंवा स्कॅनचं वेगळं शुल्क असतं, पण बाहेरच्यापेक्षा बरंच कमी. तिथे पैशापेक्षा वेळ जातो. अर्धा दिवस धरून चाला. फिल्ड टेस्टला पुढची तारीख मिळू शकते. नजर घसरत असेल तर ती तारीख निमूटपणे घेऊ नका, टीबीच्या डॉक्टरांकडून तातडीची चिठ्ठी आणा.

खासगीत ढोबळ अंदाज असा धरा: नेत्रतज्ज्ञांची फी 700 ते 2000 रुपये, फिल्ड टेस्ट 1500 ते 3000, ओसीटी 2000 ते 4000. फोनवर चार प्रश्न विचारा. सांगितलेला दर एका डोळ्याचा की दोन्हींचा? फीमध्ये इशिहारा धरली आहे का? थेंबांचे आणि रिपोर्टच्या छापील प्रतीचे वेगळे पैसे आहेत का? पुन्हा दाखवायला आल्यास किती दिवस फी लागत नाही? पहिल्या प्रश्नावरच बिल दुप्पट होऊ शकतं. ‘पूर्ण डोळ्यांचं पॅकेज’ घ्यायचा आग्रह झाला तर दर महिन्याला फक्त तक्ता आणि रंग हवेत, असं स्पष्ट सांगा.

सोबत काय न्यायचं? औषधोपचाराचं कार्ड आणि त्यावरचा निक्षय क्रमांक, आधार कार्ड, चालू गोळीचं पाकीट, जवळचा आणि लांबचा दोन्ही चष्मे, चष्म्याचा जुना नंबर, इतर सर्व औषधांच्या चिठ्ठ्या आणि क्रिएटिनिनचा रिपोर्ट. घरी येताना दोन्ही डोळ्यांचे आकडे लिहून आणा. केस पेपर दवाखान्यात राहत असेल तर मोबाईलवर फोटो काढा.

पैशाची एक सोय आहे, ती सोडू नका. निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर 2024 पासून महिन्याला 1000 रुपये मिळतात. सहा महिन्यांच्या उपचारात ते 3000 रुपयांच्या दोन हप्त्यांत बँकेत जमा होतात. खातं आधारशी जोडलेलं हवं. खासगी डॉक्टरांचे रुग्णही यात येतात, फक्त डॉक्टरांनी निक्षयवर नोंद केलेली हवी. हे पैसे खाण्यापिण्यासाठी आहेत, पण केईएमचा केस पेपर आणि लोकलचं तिकीट त्यात सहज बसतं. अडलं तर निक्षयचा मोफत क्रमांक 1800-11-6666.

एक हिशेब करून बघू

समजा, लालबागच्या एका चाळीतले 66 वर्षांचे गृहस्थ आहेत. वजन 51 किलो, जुना मधुमेह. गोळ्यांची संख्या वजनाच्या गटावर ठरते: 35 ते 49 किलोला तीन, 50 ते 64 किलोला चार. यांना चार गोळ्या मिळतात. चार गुणिले 275 म्हणजे 1100 मिलिग्रॅम इथॅम्बुटॉल. भागिले 51, म्हणजे किलोमागे साधारण 21.6 मिलिग्रॅम. नेहमीचं माप किलोमागे 15 च्या आसपास. हेच गृहस्थ 60 किलोचे असते तर त्याच चार गोळ्यांनी ते 18.3 झालं असतं. गटाच्या तळाशी असलेल्या माणसाला प्रमाण जास्त पडतं, आणि धोका प्रमाणाबरोबर वाढतो. किलोमागे 15 मिलिग्रॅमवर शंभरात एकाहून कमी जणांना त्रास होतो, 25 वर साधारण पाच-सहा जणांना. तरीही गोळी स्वतःहून कमी करायची नाही. तुम्ही गटाच्या तळाशी आहात एवढं ओळखायचं आणि तपासणी चुकवायची नाही.

आता त्यांच्या रक्ताचा रिपोर्ट. क्रिएटिनिन 1.9. ‘थोडं वाढलंय’ म्हणून तो बाजूला ठेवला जातो. पण वय आणि वजन धरून मूत्रपिंडाची क्षमता काढली, तर 140 उणे 66 म्हणजे 74, गुणिले 51, आणि त्याला 72 व 1.9 यांच्या गुणाकाराने भागायचं. उत्तर येतं सुमारे 28. इथॅम्बुटॉल शरीराबाहेर पडतं ते मुख्यतः मूत्रपिंडातून. क्षमता 30 च्या खाली असेल तर ते रोज न देता आठवड्यातून तीनदा द्यायचं असतं. यांना रोज चार गोळ्या जात राहिल्या, तर औषध अंगात साठत जाणार. हे सगळं वाचवते ती क्रिएटिनिनची एक तपासणी. खासगी लॅबमध्ये साधारण 200 ते 400 रुपये. महापालिकेच्या दवाखान्यात मोफत होते का, ते आधी विचारा. औषध सुरू होण्याआधीच ती करा. (स्त्रियांसाठी वरच्या उत्तराला 0.85 ने गुणायचं.)

तिसऱ्या महिन्यात यांना वर्तमानपत्र धूसर वाटतं. आता पुढे काय होतं, इकडे लक्ष द्या, कारण सर्वात जास्त पैसे आणि सर्वात जास्त दिवस इथेच जातात. ते चष्म्याच्या दुकानात जातात. नवा नंबर, नवी फ्रेम, काही हजार रुपये. आठ दिवसांनी चष्मा येतो, फरक पडत नाही. ‘सवय होईल’ असं ऐकायला मिळतं. आणखी पंधरा दिवस जातात आणि रोजच्या गोळ्या चालूच असतात. दुसरी वाट मोतीबिंदूची. या वयात थोडा मोतीबिंदू सापडतोच, त्यावर खापर फुटतं आणि शस्त्रक्रियेची तारीख ठरते. तिसरी वाट ‘नसेच्या’ जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि इंजेक्शनांची. इथॅम्बुटॉलने दुखावलेली नस त्यांनी बरी होते असं सिद्ध झालेलं नाही. टीबीच्या गोळ्यांबरोबर दिलेलं पायरिडॉक्सिन चालू ठेवा, पण ते आयसोनियाझिडच्या त्रासासाठी आहे, डोळ्याला ते वाचवेल असं धरू नका.

एक खूण दुकानातही पटते. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून त्यातून तक्ता वाचा. नुसता नंबर बदलला असेल तर अक्षरं स्पष्ट होतात. नस दुखावली असेल तर होत नाहीत. औषध चालू असताना नजर अचानक घसरली, तर नवा चष्मा थांबवा आणि आधी नेत्रतज्ज्ञ गाठा.

शंका आली, आता काय

त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी गोळी घेण्याआधी टीबी सेंटरवर जा. टीबी हेल्थ व्हिजिटरला गाठा आणि डॉक्टरांना भेटल्याशिवाय परतू नका. रात्री नजर एकदम गेली तर केईएमचा तातडीचा विभाग चोवीस तास उघडा असतो.

इथे एक अडचण आहे. इथॅम्बुटॉल ताबडतोब थांबायला हवं, पण ते इतर औषधांबरोबर एकाच गोळीत आहे. तुम्ही गोळीच फेकलीत तर रिफॅम्पिसिन आणि आयसोनियाझिडही थांबतं आणि टीबी पुन्हा डोकं वर काढतो. म्हणून सेंटरवर मागणी एकच करा: इथॅम्बुटॉल वगळून बाकीची औषधं सुटी द्या. सुटी औषधं कार्यक्रमात असतात, मात्र सेंटरवर लगेच हाताशी नसतील तर वॉर्डच्या क्षयरोग अधिकाऱ्यांकडून मागवावी लागतात. ‘नेत्रतज्ज्ञांची चिठ्ठी येईपर्यंत आहे तेच घ्या’ असं कुणी म्हणालं, तर डॉक्टरांशी थेट बोला. आठवडा थांबण्याएवढी ही साधी गोष्ट नाही. उपचार पुढे कसे आणि किती दिवस, ते टीबीचे डॉक्टरच ठरवतील. नजर सुधारत नसेल तर आयसोनियाझिडबद्दलही ते विचार करतील, कारण क्वचित तेही नसेला त्रास देतं.

इथॅम्बुटॉल बंद केल्यावर सुधारणा दिसायला आठवडे नव्हे, महिने लागतात. काहींची नजर जवळपास पूर्ण परत येते, काहींची अर्धवट, काहींची येत नाही. वय जास्त आणि उशीर जास्त, तर आशा कमी. एकदा असा त्रास झालेल्या माणसाला इथॅम्बुटॉल पुन्हा द्यायचं नसतं. उपचाराच्या कार्डावर ते लाल अक्षरांत लिहून घ्या आणि पुढे कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी सांगा.

त्रासाची नोंद करणंही तुमच्या हातात आहे. औषधांच्या दुष्परिणामांसाठी देशाचा मोफत क्रमांक 1800-180-3024. रुग्ण स्वतः फोन करू शकतो. औषधाचं नाव, सुरू केल्याची तारीख, त्रास सुरू झाल्याची तारीख आणि तपासणीचे आकडे जवळ ठेवा.

पुढच्या वेळी गोळ्या घ्यायला जाल, तेव्हा खिडकीवर तीन गोष्टी मागा: क्रिएटिनिनची चिठ्ठी, डोळ्यांच्या विभागाची चिठ्ठी आणि कार्डावर आजच्या वजनाची नोंद.